भाज्याचे स्तूप आणि पुस्तिकेतले एक वाक्य: एक प्रकरण अभ्यास

(व्यक्ती आणि संस्था ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. ग्रंथ, लेणी आणि इतिहासातल्या व्यक्तींबद्दलचा मजकूर जसाच्या तसा आहे.)

पार्श्वभूमी

पाली आणि बौद्ध अध्ययनाचा मराठी माध्यमातला एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम. वर्गात शाळामास्तर, निवृत्त कारकून, पुरातत्त्व शिकणारी काही मुले आणि रोज वंदना म्हणणारे उपासक-उपासिका अशी मिश्र मंडळी. त्यांच्यासाठी छापलेली परिचय-पुस्तिका बरीच जुनी झाली होती आणि ती नव्याने लिहायची होती. त्यासाठी चौघांची समिती नेमली गेली: एक समन्वयक, पालीच्या एक ज्येष्ठ बाई, शिलालेख वाचणारे एक सर आणि बाहेरून मजकूर तपासायला बोलावलेला मी.

जुनी पुस्तिका वाईट नव्हती. भाषा स्वच्छ होती, सनावळ्या बहुतेक बरोबर होत्या. तिची मांडणी मात्र तीन पायऱ्यांची होती. आधी ‘मूळ बुद्धवचन’, मग ‘लोकधर्माचा शिरकाव’ आणि शेवटी ‘ऱ्हास’. पाली निकायांतला नीतिपर, तर्कशुद्ध, एकट्याने ध्यान करणारा बुद्ध पहिल्या भागात. स्तूप, धातू म्हणजे देहाचे अवशेष, संरक्षणासाठी म्हणायचा परित्तपाठ, पुण्यदान, देवदेवता हे सगळे दुसऱ्या भागात. महायान आणि तंत्रयान तिसऱ्यात. अशी पुस्तके वाचतच आपल्यापैकी बहुतेकांची बौद्ध धर्माशी ओळख झाली असल्याने, या मांडणीत खटकण्यासारखे काही आहे असे समितीतही सुरुवातीला कोणाला वाटले नव्हते. काम फक्त भाषा अद्ययावत करण्याचे आहे असाच सगळ्यांचा समज होता.

अडचण

दरवर्षीप्रमाणे वर्गाची सहल भाज्याच्या लेण्यांना गेली. चैत्यगृह पाहून मंडळी पुढे गेली, तिथे एकाच खडकात कोरलेले चौदा स्तूप आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. सरांनी त्यांच्यावरची ब्राह्मी अक्षरे वाचून दाखवली. धम्मगिरी, संघदिन अशी नावे आहेत आणि त्यांना ‘थेर’ म्हटले आहे. म्हणजे हे स्तूप बुद्धाचे नाहीत. तिथेच राहिलेल्या, तिथेच वारलेल्या ज्येष्ठ भिक्खूंचे ते आहेत.

पुरातत्त्वाच्या एका विद्यार्थिनीने पुस्तिका उघडली आणि त्यातले वाक्य मोठ्याने वाचले: ‘बुद्धाने भिक्खूंना अवशेषपूजा निषिद्ध केली होती, स्तूपपूजा ही पुढे सामान्य उपासकांच्या श्रद्धेला दिलेली सवलत होय.’ मग तिने विचारले, “सर, हे स्तूप भिक्खूंचे, तेही भिक्खूंच्याच वस्तीत. मग सवलत दिली कोणाला?”

सरांनी तिथे वेळ मारून नेली, पण समितीच्या पुढच्या बैठकीत प्रश्न आणला. त्याच सुमारास एका वयस्क उपासिकेची तक्रारही आली होती. परित्तपाठ हा पुस्तिकेत ‘मंत्रतंत्राच्या वळणावर गेलेला प्रकार’ म्हटला होता. त्या म्हणत होत्या की आम्ही घरी जे म्हणतो ती त्रिपिटकातलीच सुत्ते आहेत, मग आमचे ते बिघडलेले आणि पुस्तकातले ते शुद्ध, हे ठरवले कोणी?

दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन थांबत होते. समन्वयकांना वाटले, एक वाक्य गाळू आणि पुढे जाऊ. मी सुचवले की गाळण्याआधी ते आले कुठून ते पाहू.

वाक्याचा माग

पुस्तिकेचा आधार जुनी इंग्रजी परिचय-पुस्तके होती. त्यांच्या मागे जात राहिले की आपण दीघनिकायातल्या महापरिनिब्बानसुत्ताच्या इंग्रजी भाषांतरापाशी पोहोचतो. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे हे भाषांतर 1881 साली मॅक्स म्यूलर संपादित करत असलेल्या मालेत निघाले. आनंद विचारतो, तथागतांच्या देहाचे आम्ही काय करावे? उत्तर मिळते: तथागताच्या शरीरपूजेत तुम्ही गुंतू नका, स्वतःच्या कल्याणासाठी झटा, श्रद्धावान क्षत्रिय, ब्राह्मण आणि गृहपती ती पूजा करतील. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या इंग्रजीत हे ‘अवशेषांचा सन्मान करण्यात अडकू नका’ असे उतरले. तिथून पुढे पाठ्यपुस्तकांत तो सर्व भिक्खूंना, सर्व काळासाठी घातलेला निषेध होऊन बसला.

बाईंनी मूळ पाली उतारा समोर ठेवला आणि आम्ही तो थोडा मागून, थोडा पुढेपर्यंत वाचला. जुन्या पुस्तिकेने नेमके हेच केले नव्हते. या संवादाच्या थोडेसेच आधी बुद्ध चार स्थळे सांगतात: जन्माचे, बोधीचे, पहिल्या उपदेशाचे आणि परिनिर्वाणाचे. श्रद्धावान भिक्खू, भिक्खुनी, उपासक आणि उपासिका तिथे येतील असे ते म्हणतात. भिक्खूंचे नाव यादीत पहिले आहे. अशी चैत्ययात्रा करताना प्रसन्न चित्ताने मरण आले तर सुगती मिळते, असेही पुढे येते. नंतर आनंद पुन्हा विचारतो आणि त्याला अंत्यविधीचा तपशील मिळतो. चक्रवर्ती राजाप्रमाणे देह नव्या वस्त्रात आणि पिंजलेल्या कापसात पुन्हा पुन्हा गुंडाळायचा, तेलाच्या लोखंडी पात्रात ठेवायचा, सुगंधी चितेवर दहन करायचे, आणि चव्हाट्यावर स्तूप उभारायचा. तिथे जो फूल वाहील किंवा ज्याचे मन प्रसन्न होईल त्याला दीर्घकाळ हित लाभेल.

म्हणजे प्रश्न होता अंत्यविधी कोणी करायचा हा. ग्रेगरी शोपेन यांनी 1991 साली हाच मुद्दा मांडला: इथे ‘शरीरपूजा’ म्हणजे देहाची अंत्यसंस्कारापर्यंतची व्यवस्था, स्तूपात ठेवलेल्या धातूंची उपासना नव्हे. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक लेख लिहिला. भारतीय बौद्ध धर्माच्या अभ्यासकांनी जमिनीतून निघालेला पुरावा मागे सारून ग्रंथांनाच प्रमाण का मानले, याचे मूळ त्यांनी प्रॉटेस्टंट संस्कारात दाखवले. खरा धर्म ग्रंथात असतो, अवशेष आणि विधी ही नंतरची भेसळ, हा प्रॉटेस्टंटांचा कॅथलिकांविरुद्धचा जुना युक्तिवाद. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक तिबेटच्या लामांची तुलना रोमन चर्चशी वारंवार करत, ती कौतुकाने नव्हे.

इथे सरांनी एक गोष्ट दाखवली आणि बैठकीचा रोखच बदलला. भाजे, कार्ले, कान्हेरी या पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेही 1881 सालीच. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली ते वर्षही 1881. एकाच वर्षी भिक्खूंना धातूंपासून दूर ठेवणारे भाषांतर बाजारात आले आणि भिक्खूंच्या स्तूपांवरचे लेखही छापले गेले. पण पहिल्याला ‘बौद्ध धर्म’ म्हटले गेले आणि दुसऱ्याला ‘पुरातत्त्व’. दोन्ही कपाटे वेगळी राहिली. सांचीच्या दुसऱ्या स्तूपातून कनिंगहॅमने 1851 साली नावे कोरलेल्या करंडकांतून भिक्खूंचे धातू बाहेर काढले होते. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत दाते म्हणून भिक्खू-भिक्खुनी मोठ्या संख्येने आहेत. हे सगळे छापून उपलब्ध होते. पाठ्यपुस्तकात पोहोचले नाही.

ग्रंथांना हे वजन आले त्याला कामाची जागाही कारणीभूत होती. ब्रायन हॉजसन यांनी काठमांडूहून पाठवलेल्या संस्कृत हस्तलिखितांवर युजीन बर्नूफ यांनी पॅरिसमध्ये बसून 1844 साली भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास लिहिला. ते आशियात कधी आले नाहीत. भारतात तर त्या काळी या धर्माचा जिवंत संघ जवळपास उरलेलाच नव्हता, त्यामुळे तुमचे वाचन चुकते आहे असे म्हणणारे शेजारी कोणी नव्हते. सिलोन, ब्रह्मदेश, तिबेट इथे संघ जिवंत होते, पण तिथले आचरण ग्रंथाशी जुळले नाही की दोष आचरणाकडे जाई. ग्रंथ वाचणाऱ्याकडे तो जात नसे.

बाईंचा आक्षेप

इथपर्यंत समितीत एकमत होते: वाक्य परदेशी पूर्वग्रहातून आले, काढून टाका. तेव्हा बाईंनी मिलिन्दपञ्ह हा राजा आणि भिक्खू यांच्या प्रश्नोत्तरांचा पाली ग्रंथ पुढे केला.

मिलिन्द राजा नागसेनाला हाच पेच घालतो. तथागत एकीकडे शरीरपूजेत गुंतू नका म्हणतात आणि दुसरीकडे पूजनीयाच्या धातूंची पूजा करा असेही वचन आहे, मग खरे कोणते? नागसेनाचे उत्तर असे की पहिले वचन सर्वांना उद्देशून नाही, ते जिनपुत्रांसाठी आहे. पूजा हे जिनपुत्रांचे काम नव्हे. त्यांचे काम संस्कारांचे परीक्षण आणि योग्य मनन. पूजा बाकीच्या देवमनुष्यांनी करावी.

बाई म्हणाल्या, “हे काही इंग्रजाने लिहिलेलं नाही. भिक्खूंनी पूजेत पडू नये असं म्हणणारा आवाज परंपरेच्या आतच आहे. तुम्ही सगळं खापर लंडनवर फोडलंत तर नागसेनाला गप्प करताय.”

हा आक्षेप भक्कम होता आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. परदेशी अभ्यासकांनी ही भूमिका शून्यातून निर्माण केली नव्हती. परंपरेत चालू असलेल्या एका वादातली एक बाजू त्यांनी उचलली, तिला ‘मूळ’ हा शिक्का दिला आणि दुसऱ्या बाजूला ‘बिघाड’ म्हटले. वादी-प्रतिवादी दोघेही बौद्धच होते. न्यायाधीश तेवढा बाहेरचा आला.

शिवाय तो न्यायाधीश एकटा कामाला लागला नव्हता. ऱ्हिस डेव्हिड्स सिलोनच्या मुलकी सेवेत असताना पाली शिकले ते यात्रामुल्ले या भिक्खूंकडून. वस्कडुवे सुभूती यांचा युरोपातल्या पाली अभ्यासकांशी पत्रव्यवहार होता आणि हस्तलिखिते व शंकासमाधान त्यांच्याकडून जात असे. हिक्कडुवे सुमंगल यांनी 1873 साली कोलंबोत विद्योदय परिवेण सुरू केले. अमेरिकी थिऑसॉफिस्ट कर्नल ऑल्कॉट यांनी 1881 साली बौद्ध धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली तेव्हा ती सुमंगलांकडून तपासून घेतली. निब्बानाच्या व्याख्येवर ते अडून बसले आणि मजकूर बदलल्यावरच मान्यता मिळाली. पुढे कँडीच्या दंतधातूवरून दोघांत बेबनाव झाला. ऑल्कॉटना तो दात बुद्धाचा वाटत नव्हता, सुमंगलांना तो प्रश्न असा विचारणेच मान्य नव्हते. ज्या महाथेरांच्या मान्यतेने ‘तर्कशुद्ध बौद्ध धर्म’ छापला गेला, तेच धातुपूजेच्या बाजूने उभे होते. आमच्या पुस्तिकेच्या तीन पायऱ्यांत या माणसाला बसायला जागाच नव्हती.

मराठीतला धागाही इथेच जोडला जातो. धर्मानंद कोसंबी सिलोनला गेले ते याच विद्योदयात आणि सुमंगलांच्याच हाताखाली शिकले. पुढे हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या संपादनावर त्यांनी काम केले. निकायांचे थर लावून दंतकथा बाजूला काढायची त्यांची पद्धत मराठी वाचकाच्या हाडीमाशी खिळली आहे. आमची जुनी पुस्तिका नकळत त्याच पद्धतीची, पण कोसंबींइतकी सावध नसलेली नक्कल होती. कोसंबी आधार देतात आणि शंका असेल तर तीही देतात. पुस्तिका फक्त निकाल देत होती.

विचारात घेतलेले पर्याय

समन्वयकांचा पहिला पर्याय, वाक्य गाळणे, सर्वांत सोपा होता. वेळ कमी होता आणि छपाईची तारीख ठरली होती. पण वाक्य गेले तरी तीन पायऱ्यांची शिडी तशीच राहणार होती. स्तूप तरीही ‘लोकधर्माचा शिरकाव’ याच मथळ्याखाली येणार होते.

सरांचा पर्याय उलट टोकाचा होता. ग्रंथ मागे ठेवा, शिलालेख आणि लेणी पुढे आणा. लोक प्रत्यक्षात जे करत होते तोच खरा धर्म. ऐकायला हे पटते. पण यात प्रमाणाची खुर्ची तशीच राहते, बसणारा तेवढा बदलतो. शिलालेखही एकांगी असतो. ज्याच्याकडे दान द्यायला काही होते आणि ते कोरून घेण्याची ज्याची इच्छा होती, तोच तिथे बोलतो. ज्याने काहीच दिले नाही, किंवा नागसेनासारखे ज्याला पूजेपासून दूरच राहायचे होते, त्याचा लेख खडकावर सापडणार नाही. आणि भाज्याच्या लेखांत स्तूप कोणाचा ते कळते; तो कोरणाऱ्यांच्या मनात नेमके काय होते ते कळत नाही.

तिसरा पर्याय विद्यार्थ्यांकडूनच आला होता: उपासक जे मानतात तेच लिहा, बाहेरच्या अभ्यासकांना वगळा. यावर सर हसून म्हणाले की मग ब्राह्मीही वगळावी लागेल, कारण ती 1837 च्या सुमारास उलगडली प्रिन्सेपने. ज्या लेखांनी ऱ्हिस डेव्हिड्स यांचे वाचन अडचणीत आणले तेही त्याच काळच्या, त्याच सत्तेच्या छायेतल्या अभ्यासातून आपल्या हाती आले. अभ्यासक परका होता म्हणून निष्कर्ष चुकला असे म्हणता येत नाही. त्याने कोणता पुरावा पाहिला आणि कोणता पाहिला नाही, ते दाखवावे लागते.

चौथा पर्याय मी मांडला. मूळ कोणते हा निकाल पुस्तिकेने देऊ नये. कोणते विधान कोणत्या पुराव्यात आहे, तो पुरावा साधारण कधीचा आहे आणि त्याला ‘मूळ’ कोणी, केव्हा, कशासाठी म्हटले, एवढेच सांगावे. बाईंनी याला अर्धी संमती दिली. त्यांचे म्हणणे, नवशिक्याला बुद्धाने काय शिकवले हे हवे असते. त्याच्या हातात पुराव्यांची यादी दिली तर तो रिकाम्या हाताने घरी जाईल. हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

केलेली कृती

चौथा पर्याय स्वीकारला, पण संपूर्ण पुस्तिकेला नाही. वेळ पाहता स्तूप आणि धातू यांचा एकच घटक पूर्ण नव्याने लिहायचा असे ठरले. बाकी घटकांत फक्त वाक्यरचना बदलायची: ‘बुद्ध म्हणाले’ असे जिथे जिथे होते तिथे ‘दीघनिकायातल्या अमुक सुत्तात असे येते’ असे करायचे. दिसायला हा फरक किरकोळ आहे. प्रत्यक्षात काही पानांवर असे करताना लक्षात आले की विधानाला सुत्ताचा आधारच नाही, ते एखाद्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेतून आले आहे. अशी विधाने वेगळी काढली.

नव्या घटकाची सुरुवात आम्ही महापरिनिब्बानसुत्ताच्या लांब उताऱ्याने केली, चार स्थळांपासून चव्हाट्यावरच्या स्तूपापर्यंत, मध्ये काही न गाळता. त्यानंतर मिलिन्दपञ्हातला संवाद. त्यानंतर भाज्याचे स्तूप, त्यांचा नकाशा आणि लेख. तिन्हींवर भाष्य न करता विद्यार्थ्याला आधी विचारले: तुमच्या मते यांत कुठे मेळ आहे, कुठे नाही? मग 1881 ची हकिकत. शेवटी सुमंगल आणि ऑल्कॉट.

डॉ. आंबेडकरांबद्दलच्या परिच्छेदावर सर्वांत जास्त चर्चा झाली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रास्ताविकात ते उघडपणे विचारतात की चार आर्यसत्ये मूळ शिकवणीत होती की भिक्खूंनी नंतर घातली. बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही ते सांगतात: बुद्ध तर्कनिष्ठ होता, म्हणून जे तर्काला धरून आणि मानवाच्या हिताचे तेच त्याचे मानावे. एका सदस्याला भीती वाटत होती की हे ऱ्हिस डेव्हिड्सच्या शेजारी ठेवले तर बाबासाहेबही परदेशी विचाराचे वारस ठरतील. मला स्वतःला ही भीती पटली नाही, पण परिच्छेद कसा लिहायचा यावर तिचा परिणाम झाला आणि तो चांगला झाला. आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. इसवी सनापूर्वी काय घडले हा इतिहासकाराचा प्रश्न, त्याला पुरावा लागतो. या धर्मातले आम्ही काय स्वीकारतो हा अनुयायाचा प्रश्न, त्याला कसोटी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या वेषात दिले. आंबेडकरांनी आपली कसोटी आधी सांगितली, मग निवड केली. वाचकाला ती मान्य-अमान्य करायची मोकळीक राहिली.

परित्तपाठावरचे ते वाक्यही गेले. त्याजागी रतनसुत्त, मंगलसुत्त, मेत्तसुत्त ही पाठांतली सुत्ते खुद्दकनिकायात कुठे येतात ते दिले. संरक्षणासाठी पाठ म्हणण्याचा संदर्भ पाली ग्रंथांतही आहे, हे आटानाटियसुत्ताच्या उदाहरणाने सांगितले. उपासिकेला तिच्या प्रश्नाचे उत्तर यात मिळाले की नाही ते ठाऊक नाही, पुस्तिका हातात घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, “निदान आम्हाला बिघडलेले तरी म्हटलं नाही.”

परिणाम

वर्गात भाज्याचा घटक चांगला चालला. सुत्ताचा पूर्ण उतारा वाचल्यावर बहुतेक विद्यार्थ्यांना प्रश्न अंत्यविधीचा आहे हे न सांगता कळले. त्या विद्यार्थिनीने तर पुढे जाऊन विचारले की स्तूप भिक्खूंनीच उभारला असे तरी कशावरून, एखाद्या उपासकाने थेरांसाठी खोदवला नसेल का? लेखात दात्याचे नाव नसेल तिथे हे नाकारता येत नाही. सरांनी नंतरच्या आवृत्तीसाठी ही नोंद करून ठेवली. अर्थात खोदवणारा उपासक असला तरी भिक्खूंच्या वस्तीत ते स्तूप भिक्खूंच्या संमतीशिवाय उभे राहिले नसते, हा मुद्दा उरतोच.

परीक्षेत मात्र वेगळे चित्र दिसले. ‘महापरिनिब्बानसुत्त आणि भाज्याचे लेख यांतून प्रत्येकी काय कळते आणि काय कळत नाही’ असा प्रश्न होता. बऱ्याच उत्तरपत्रिकांत एकच सूर: बौद्ध धर्माचे खरे रूप इंग्रजांनी बिघडवले. काहींनी तर पाली त्रिपिटकच प्राच्यविद्यावाल्यांनी रचले असे लिहिले. नागसेन कोणाच्याच उत्तरात नव्हता. प्राच्यविद्येवरची टीका शिकवली की ती अशी सरसकट शिवी बनते, हा धोका आम्हाला दिसायला हवा होता असे बाईंनी सुनावले. दुसरीकडे काही जणांनी गोंधळून जुन्याच पुस्तिकेतला निषेधाचा मुद्दा पाठ करून लिहिला, कारण बाजारातल्या मार्गदर्शकांत अजून तोच आहे.

‘ऱ्हास’ हा मथळा गेला नाही. मंजूर अभ्यासक्रमात घटकाचे तेच नाव आहे आणि ते अभ्यास मंडळाच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. आतला मजकूर बदलला, वर पाटी जुनी राहिली.

बाईंचे मतभेदाचे टिपण समन्वयकांनी घटकाच्या शेवटी त्यांच्याच शब्दांत छापले. माझ्या अंदाजाने विद्यार्थ्यांनी सर्वांत लक्षपूर्वक वाचलेले पान तेच असावे.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. आम्ही सुत्तापासून सुरुवात केली आणि लेणी तिसरी आणली. ग्रंथ आधी, प्रत्यक्ष स्थळ नंतर, ही जुन्याच पद्धतीची सवय. भाज्याला नेऊन नावे वाचायला लावणे आधी, सुत्त नंतर असे केले असते तर उताऱ्याकडे पाहण्याची नजर वेगळी राहिली असती. सहल हातात असताना हे सहज जमण्यासारखे होते.

सुमंगल आणि सुभूती शेवटच्या दोन पानांत आले. त्यामुळे कथा इंग्रज अभ्यासकाची आणि आशियाई लोक तिचे बळी अशीच वाचली गेली. यात्रामुल्ले यांच्यापासून सुरुवात केली असती, पाली शिकवणारा भिक्खू आणि शिकणारा अधिकारी असे दृश्य आधी ठेवले असते, तर परीक्षेतला तो एकसुरीपणा कमी झाला असता असे सरांना वाटते. मलाही वाटते, पण पूर्ण खात्रीने नाही. सोपा खलनायक मिळाला की विद्यार्थी त्यालाच धरतात.

परीक्षेचा प्रश्नही सुधारता आला असता. ‘काय कळत नाही’ हा भाग विद्यार्थ्यांनी सोडून दिला, कारण त्याला वेगळे गुण नव्हते. पुढच्या वर्षी त्याला निम्मे गुण देण्याचे ठरले आहे. मिलिन्दपञ्हातला संवाद उत्तरात आणल्याशिवाय उत्तर पूर्ण धरायचे नाही, अशी सूचना बाईंनी केली ती समितीने मान्य केली. चार आर्यसत्यांचा घटक अजून जुन्याच मांडणीत आहे. तो कोणी लिहायचा यावर बाई आणि सर यांच्यात अद्याप ठरलेले नाही.